सुगंधविरहित किटमधल्या 48 ट्यूब

हे प्रकरण एका तृतीय-पक्ष गोदामातलं आहे. ग्राहक कंपनीचा माल आम्ही साठवतो, आणि गाडीत चढण्याआधी त्यावर जे काही करायचं असेल, म्हणजे लेबल बदलणं, संच बांधणं, पत्रक घालणं, तेही आमच्याच टेबलांवर होतं. मी त्या वेळी गुणवत्ता तपासणीचं काम पाहत होतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कामाचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

## पार्श्वभूमी

ऑर्डर 6,000 किट्सची होती. प्रत्येक किटमध्ये एक फेसवॉशची बाटली, 75 मिलीची क्रीमची एक ट्यूब, मास्कची दोन छोटी पाकिटं आणि एक घडीचं पत्रक. हे सगळं पुठ्ठ्याच्या पेटीत घालून वरून श्रिंक फिल्म, आणि अशा 20 पेट्यांचं एक मास्टर कार्टन.

किटचे दोन प्रकार होते. 3,600 किट्समध्ये सुगंधी क्रीम आणि 2,400 किट्समध्ये संवेदनशील त्वचेसाठीचं सुगंधविरहित क्रीम. बाकी सगळं तंतोतंत सारखं. ट्यूबही सारख्याच, पांढऱ्या, निळ्या झाकणाच्या. नावाखाली एक बारीक ओळ वेगळी, एवढाच फरक.

माल दुसऱ्या बाजारपेठेत जायचा होता, म्हणून ट्यूबवर तिथल्या भाषेतलं नवं लेबल लावायचं होतं. त्यावर नाव, घटकांची यादी, आयातदाराचा पत्ता आणि नवा बारकोड. जुना बारकोड पूर्ण झाकला जावा अशी ग्राहकाची स्पष्ट सूचना होती, आणि ती योग्यच होती. एका वस्तूवर दोन बारकोड दिसत राहिले, की घेणाऱ्याच्या गोदामात कधी हा वाचला जातो, कधी तो, आणि त्यांचा साठा बिघडतो.

काम चार टेबलांवर लावलं होतं, प्रत्येक टेबलावर चार जण. पहिला ट्यूबवर लेबल चिकटवायचा, दुसरा आणि तिसरा पेटी भरायचे, चौथा नव्या लेबलाचा बारकोड स्कॅन करून पेटी वजनकाट्यावर ठेवायचा. लेबल लावणं आणि किट बांधणं एकाच टेबलावर ठेवायचा निर्णय नियोजनाच्या बैठकीत झाला. ट्यूब एकदा लेबल लावून पुन्हा खोक्यात भरायची, रॅकवर न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत काढायची, ही दुहेरी उचलठेव वाचणार होती. मीही त्या बैठकीत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुगंधी किट्स आधी घेतली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी 11:20 ला संपली आणि दुपारी रवानाही झाली. सुगंधविरहित किट्स 11:50 ला सुरू झाली. मधल्या अर्ध्या तासात टेबलं रिकामी करायची, जुनी लेबलं, उरलेल्या ट्यूब, कचरा सगळं हलवायचं आणि मग नवा माल आणायचा. याला आमच्याकडे लाइन क्लिअरन्स म्हणतात. त्याचा एक छापील कागद असतो, आणि त्या दिवशीच्या कागदावर चारही टेबलांपुढे बरोबरची खूण होती.

## अडचण

संध्याकाळी 6:30 ला शेवटचं किट झालं. 120 मास्टर कार्टन, सहा पॅलेट. त्यातली दोन पॅलेट गाडीत चढली होती आणि गाडी रात्री 9 ला निघायची होती.

6:40 ला उरलेला माल परत घेताना टेबलप्रमुख ताईंनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर सुगंधविरहित ट्यूबचा एक न उघडलेला खोका होता. "सर, हा उरायला नको होता. सुट्ट्या 42 उरतील असा माझा हिशोब होता. त्या आहेत. मग हा अख्खा खोका कुठून आला?"

एका खोक्यात 48 ट्यूब येतात. सुगंधविरहितचे 51 खोके काढले होते, म्हणजे 2,448 ट्यूब. 2,400 किट्समध्ये गेल्या, 6 खराब झाल्या, म्हणजे 42 उरायला हव्या. प्रत्यक्षात 90 होत्या. किट्स तर 2,400 पूर्ण भरली होती, आणि ट्यूबशिवाय पेटी वजनकाट्यावरून पुढे जाऊच शकत नाही. याचा अर्थ एकच होता. कुठल्या तरी 48 दुसऱ्याच ट्यूबवर सुगंधविरहितचं लेबल लागलं होतं.

मी धावत सुगंधी ट्यूबच्या रॅककडे गेलो. तिथला कागद सांगत होता की 77 खोके म्हणजे 3,696 ट्यूब काढल्या, 3,600 वापरल्या, 9 खराब, 87 परत. रॅकवर हात लावून मोजल्या तर 39 भरल्या. बरोबर 48 कमी.

तो 87 चा आकडा कुणी मोजलाच नव्हता. काढलेल्यातून वापरलेल्या आणि खराब वजा केल्या की 87 येतात, म्हणून "परत" या रकान्यात 87 लिहिलं गेलं. संगणकातही तेच. आमच्या प्रणालीत किट पूर्ण झालं की त्याचे घटक यादीप्रमाणे आपोआप वजा होतात, याला बॅकफ्लश म्हणतात. त्यामुळे साठा नेहमी जुळलेलाच दिसतो. खाली टेबलाशी काय घडलं ते त्या आकड्यात येतच नाही. ताईंनी मात्र संध्याकाळी आकडा लिहिण्याआधी ट्यूब मोजल्या, आणि म्हणून हे प्रकरण गोदामाच्या आतच राहिलं.

## कुठल्याच तपासणीत का सापडलं नाही

या कामात तीन तपासण्या होत्या आणि तिन्ही व्यवस्थित चालू होत्या.

पहिली स्कॅनची. चौथा माणूस प्रत्येक ट्यूबचा बारकोड स्कॅन करत होता आणि प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागत होता. पण तो बारकोड होता आम्हीच दोन मिनिटांपूर्वी चिकटवलेल्या लेबलाचा. लेबल बरोबर आहे एवढंच स्कॅनर सांगत होता. लेबलाखाली कोणती ट्यूब आहे हे सांगणारा मूळ बारकोड झाकला गेला होता.

दुसरी वजनाची. पाकीट 12 ग्रॅमचं, पेटीचा पुठ्ठा दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे, म्हणून काट्यावर 5 ग्रॅमची सूट ठेवली होती. पाकीट राहिलं तर काटा नक्की अडवतो. पण दोन्ही क्रीमचं वजन सारखंच असल्यामुळे ट्यूब बदलल्याचं त्याला कळणं शक्य नव्हतं.

तिसरी लेबलांच्या हिशोबाची. 2,500 लेबलं दिली, 2,400 किट्समध्ये गेली, खराब ट्यूबवरची आणि फाटलेली मिळून 38, परत 62. एकही कमी-जास्त नाही. लेबलांचा हिशोब जुळला की आम्ही निर्धास्त व्हायचो. पण चुकीच्या ट्यूबवर लागलेलं लेबलही त्या हिशोबात "वापरलेलं" म्हणूनच येतं.

चूक ओळखायची एकच खूण शिल्लक होती. ट्यूबच्या शेपटाकडची चपटी दाबलेली पट्टी, जिच्यावर बॅच क्रमांक आणि मुदत उठावात उमटवलेली असते. लेबल तिथपर्यंत पोहोचत नव्हतं. दोन्ही क्रीमच्या बॅच वेगळ्या होत्या. पेटीचं झाकण उघडलं, की ती पट्टी वरच दिसायची. दिव्याखाली थोडी तिरकी धरली की अक्षरं वाचता येत.

## समोरचे पर्याय

7 वाजता आम्ही तिघं डॉकवर उभे होतो, गोदाम व्यवस्थापक, पाळीचे सुपरवायझर आणि मी.

माल तसाच पाठवायचा आणि तक्रार आली तर बदलून द्यायचा, हा पर्याय कुणीतरी दबक्या आवाजात काढला आणि लगेच मागे घेतला. सुगंध टाळायचाच म्हणून जो माणूस हे क्रीम निवडतो, त्याच्या हातात सुगंधी क्रीम आणि वर "सुगंधविरहित" लिहिलेलं. त्याच्या त्वचेवर पुरळ उठल्यावर बदली ट्यूब पाठवण्याला काही अर्थ नव्हता.

सगळी 2,400 किट्स उघडायची, हा दुसरा पर्याय. फिल्म कापून, झाकण उघडून, पट्टी वाचून पेटी बंद करायला एका माणसाला पंधरा-वीस सेकंद. बारा माणसं थांबली तर तासाभराचं काम, असं पहिल्यांदा वाटलं. पण उघडलेली प्रत्येक पेटी नव्या फिल्ममध्ये घालून पुन्हा श्रिंक टनेलमधून, म्हणजे गरम हवेने फिल्म आवळणाऱ्या यंत्रातून, काढायची होती. टनेल एकच, आणि त्यातून मिनिटाला जेमतेम 12 पेट्या निघतात. म्हणजे सगळ्यांसाठी तीन तास वीस मिनिटं, मग माणसं कितीही लावा.

तिसरा पर्याय होता शोध आवळायचा. प्रत्येक मास्टर कार्टनच्या लेबलवर टेबल क्रमांक, अनुक्रमांक आणि वेळ छापलेली असते. लाइन क्लिअरन्सच्या वेळी दोन क्रमांकाच्या टेबलाखाली एक खोका राहिला होता, असं तिथल्या एका दादांना आठवत होतं. "मला वाटलं नवाच माल आणून ठेवलाय," ते म्हणाले. तसं असेल तर चुकीची किट्स त्या टेबलाच्या सुरुवातीच्या कार्टनमध्ये असणार.

व्यवस्थापकांचा कल तिसऱ्या पर्यायाकडे होता, माझा दुसऱ्याकडे. शेवटी ठरलं की सुरुवात दोन नंबरच्या टेबलापासून करायची, पण जोवर 48 च्या 48 ट्यूब हातात येत नाहीत तोवर गाडी सोडायची नाही. मधेच कुठे थांबायचं हे आमच्या अंदाजाने ठरणार नव्हतं, आकड्याने ठरणार होतं. त्या संध्याकाळचा सगळ्यात कामाचा निर्णय मला हाच वाटतो.

## काय केलं

आधी ग्राहकाला फोन केला, 7:10 ला. किती किट्स, कुठे, हे अजून माहीत नव्हतं, आणि "आधी शोधू, मग सांगू" असा आग्रहही झाला. पण सुगंधी किट्स दुपारीच निघून गेली होती. ती वाटेत थांबवायची का, हे ठरवणं त्यांच्या हातात होतं, आणि प्रत्येक तासाला ती गाडी लांब चालली होती.

त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. सुगंधी किट्समध्ये उलट घोटाळा झालाय का? याचं उत्तर आम्ही पुराव्याने देऊ शकलो. सुगंधविरहितचा पहिला खोका रॅकवरून स्कॅन होऊन बाहेर पडला तो सुगंधी काम 11:20 ला बंद झाल्यानंतर. त्याआधी ती ट्यूब टेबलापाशी आलीच नव्हती. ती गाडी थांबवायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं.

गाडीतली दोन पॅलेट खाली उतरवली. दोन नंबरच्या टेबलाची 30 कार्टन वेगळी काढली आणि पहिली दहा उघडली. 200 पेट्यांमध्ये 31 चुकीच्या ट्यूब निघाल्या. उरलेल्या 20 कार्टनमध्ये आणखी 7. एकूण 38.

इथे सगळे थकले होते. साडेआठ होत आले होते. टेबल संपलं, खोका त्याच टेबलाखाली होता, मग बाकीच्या दहा कुठे असतील? कुणी म्हणालं खोक्यातच कमी असतील, कुणी म्हणालं खराब ट्यूबमध्ये गेल्या असतील. खराब ट्यूबची पिशवी सुदैवाने अजून टाकली नव्हती. त्यातल्या सहाही ट्यूबच्या पट्ट्या वाचल्या, आणि एक खरंच सुगंधी निघाली. 39. तरी नऊ कमीच.

मग तीन नंबरच्या टेबलावरच्या एका मुलीला आठवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचा ट्रे रिकामा झाला होता आणि नवा खोका यायला वेळ लागत होता, म्हणून तिने दोन नंबरच्या ट्रेमधून ओंजळभर ट्यूब उचलल्या होत्या. शेजारच्या टेबलाची अडचण भागवली, एवढंच. तीन नंबरची 30 कार्टन उघडली. नऊ सापडल्या. 48 पूर्ण झाल्या तेव्हा 9:20 झाले होते.

एक आणि चार नंबरच्या टेबलांची मिळून दहा कार्टन नमुन्यादाखल उघडून पाहिली. एकही चुकीची नव्हती. तिथे आम्ही थांबलो.

47 किट्समध्ये उरलेल्या 90 मधल्या ट्यूब घालून, परत आलेल्या 62 लेबलांमधली लेबलं लावून ती पुन्हा बांधली. 43 ट्यूब आणि 15 लेबलं उरली. या वेळी दोन्ही आकडे दोघांनी वेगवेगळे मोजले. श्रिंक टनेल आधीपासून चालू ठेवला होता, त्यामुळे उघडलेल्या पेट्या मागोमाग बंद होत गेल्या.

## निष्पत्ती

गाडी 9 ऐवजी 10:35 ला निघाली. पोहोचवायची वेळ ग्राहकाने घेणाऱ्याकडून दोन तास पुढे ढकलून घेतली होती. 7:10 च्या फोनमुळेच ते शक्य झालं. त्या मालाबद्दल नंतर ट्यूब चुकल्याची तक्रार आली नाही.

त्या 48 सुगंधी ट्यूब मात्र गेल्या. लेबल काढून त्या परत साठ्यात घ्याव्यात म्हणून दोन-तीनवर प्रयत्न केला, पण गोंदाबरोबर मूळ छपाईचे पापुद्रे निघून आले. अर्धवट नाव दिसणारी ट्यूब साठ्यात ठेवणं म्हणजे पुढच्या घोटाळ्याची सोय करणं. ग्राहकाच्या लेखी संमतीने त्या दोघांच्या सहीने कापून नष्ट केल्या. त्यांची किंमत आणि जास्तीच्या वेळेची मजुरी आमच्या खात्यावर पडली.

## वेगळं काय करता आलं असतं

दादांना किंवा त्या मुलीला जबाबदार धरावं, असा सूर दुसऱ्या दिवशी बैठकीत निघाला. मला तो पटला नाही. टेबलाखाली ठेवलेला खोका दिसायला नव्या मालासारखाच होता, आणि ट्रे रिकामा झाल्यावर शेजाऱ्याकडून घेणं हे आम्हीच वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं. लाइन क्लिअरन्सच्या कागदावर "टेबल रिकामं" असा रकाना होता. टेबलाखाली पाहा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. टेबल खरोखरच रिकामं होतं.

खरी चूक नियोजनाच्या बैठकीत झाली होती. लेबल बदलणं आणि किट बांधणं एका वर्क ऑर्डरमध्ये घातल्यामुळे ट्यूबची ओळख कधी बदलली याची नोंद कुठेच राहिली नाही. आता लेबल बदलणं ही स्वतंत्र वर्क ऑर्डर असते. जुन्या कोडच्या अमुक ट्यूब आत, नव्या कोडच्या तितक्याच बाहेर, खराब वेगळ्या, आणि हा हिशोब बंद झाल्याशिवाय किटची ऑर्डर उघडत नाही. उचलठेव वाढली हे खरं. पण चूक झालीच, तर ती किटच्या पेटीत आणि फिल्मखाली जाण्याआधी सापडते.

मूळ बारकोड स्कॅन केल्यावरच त्या ट्यूबचं लेबल छापलं जाईल, अशी व्यवस्था याहून पक्की. मग चुकीच्या ट्यूबला चुकीचं लेबल मिळूच शकत नाही. ती आम्ही सरसकट केलेली नाही, कारण प्रत्येक ट्यूबमागे तीन-चार सेकंद वाढतात आणि टेबलागणिक एक छपाई यंत्र लागतं. दिसायला सारख्या पण घटकांत वेगळ्या अशा वस्तू एकाच ऑर्डरमध्ये असतील, तेव्हाच ती लावतो. बाकी वेळी प्रत्येक खोका टेबलावर उघडण्याआधी स्कॅन होतो. ओंजळभर उसनवारी बंद झाली, आणि ट्रे रिकामा झाला तर टेबल थांबतं.

एक आणि चार नंबरची सगळी कार्टन उघडायला हवी होती का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मला वाटतं थांबणं योग्य होतं, कारण सुगंधी ट्यूबची एकूण एक नोंद लागली होती: 3,600 किट्समध्ये, 9 खराब, 39 रॅकवर, 48 हातात, मिळून 3,696. हे चारही आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून आले होते, एकमेकांतून वजा करून काढलेले नव्हते. बेरीज एकाने जरी चुकली असती, तर मी उरलेली सगळी उघडली असती.

"परत" चा रकाना आता छापील कागदावर कोरा येतो. मोजणाऱ्याला किती काढल्या, किती वापरल्या हे सांगितलं जात नाही. तो मोजतो, आकडा लिहितो, आणि मग दुसरा माणूस तो हिशोबाशी ताडून पाहतो. पहिल्याच ऑर्डरला 63 अपेक्षित असताना 61 आल्या. सगळं काम दहा मिनिटं थांबवलं. दोन ट्यूब ट्रेच्या अस्तराच्या घडीत, लेबल न लावलेल्या, सापडल्या.